त्या पोरीला मी गुलाबी औषध दिलं नाही

गणपती गेले की आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात खोकल्याचे दिवस सुरू व्हायचे. मुंबईहून आलेले चाकरमानी आरत्या म्हणून, मोदक खाऊन परत जायचे आणि जाताना घराघरात सर्दी ठेवून जायचे. एका खोलीत वीस-पंचवीस माणसं रात्रभर भजनाला बसली, तर दुसरं काय होणार? बाहेरच्या बाकावर सकाळपासून नाकं ओढल्याचे आवाज यायचे. मी तिथे वैद्यकीय अधिकारी होते. नोकरीचं दुसरंच वर्ष. माझं माहेर आत डोंगराकडे, काजूच्या बागांत. त्यामुळे समुद्राची मला सवय नव्हती आणि समुद्रावर पोट असलेल्या माणसांची तर त्याहून नव्हती. माझी मालवणी त्यांना कळायची, पण ते हसून म्हणायचे, "डॉक्टरीण घाटाच्या बाजूची आसा."

त्या दिवशी एक आजी नातीला कडेवर घेऊन आली. पोर चार वर्षांची, खरं तर कडेवर मावत नव्हती. नाक वाहत होतं, डोळे पाणावलेले, अंग गरम. आजीने तिला टेबलावर बसवलं आणि मी तपासण्याआधीच मला सांगून टाकलं.

"ता गुलाबी औषध दी गो. पावडरीत पाणी घालून हलवतत ता. हेका ताच लागू पडता."

ते अमॉक्सिसिलिन. लहान मुलांचं प्रतिजैविक, त्याला स्ट्रॉबेरीचा वास असतो. किनाऱ्यावरच्या बहुतेक घरांत त्याची एखादी अर्धी बाटली सापडते.

"कितीदा दिलंय आधी?"

"दर सर्दीक देतंय. आणि दर खेपेक बरी होता."

मी पोरीचा झगा वर केला आणि हातातल्या घड्याळाकडे बघत तिचा श्वास मोजला. पूर्ण एक मिनिट. हे मिनिट मला नेहमीच लांब वाटतं. छातीवर स्टेथोस्कोप ठेवला, पुढून, मागून, काखेत. हवा दोन्हीकडे सारखी आत जात होती. कान पाहिले, घसा पाहिला. घसा थोडा लाल, बाकी काही नाही. मी तिला गोळ्या ठेवायची रिकामी डबी दिली, तर ती टेबलावर आपटून वाजवत बसली.

"आजी, हेका सर्दी आसा. गुलाबी औषध नको."

आजीने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी पोरीला जेवण नको म्हटलं होतं.

मग मी तिला समजावायला बसले. दिवसातून पुष्कळदा समजावायचे, पण त्या दिवशीचं मला शब्दन् शब्द आठवतं, कारण पुढे मीच ते पुन्हा पुन्हा मनात तपासलं.

मी म्हटलं, आजारपण आणणारे दोन जातीचे असतात. एक जिवाणू. तो डोळ्यांना दिसत नाही, पण पुरा जीव आहे. स्वतः खातो, स्वतः वाढतो, एकाचे दोन होतात. त्याच्याभोवती त्याची स्वतःची भिंत असते. गुलाबी औषध ती भिंत बांधू देत नाही. भिंत कच्ची राहिली की तो फुटतो आणि मरतो. आपल्या शरीराच्या पेशींना तसली भिंतच नाही, म्हणून औषध आपल्याला मारत नाही. दुसरा विषाणू. तो जिवाणूहूनही कितीतरी लहान, आणि पुरा जीव म्हणावा असाही नाही. त्याला भिंत नाही, पोट नाही. एकटा पडला तर त्याला वाढता येत नाही. तो आपल्या नाकाच्या, घशाच्या पेशीत शिरतो आणि त्या पेशीलाच आपल्यासारखे आणखी विषाणू करायला लावतो. सर्दी ह्या विषाणूची. गुलाबी औषध पाजलं तर त्याला मोडायला भिंतच मिळत नाही.

"मगे तेका मारता कोण?"

"शरीरच मारता. तेका आठवडो जाता, कधी चार दिवस जास्त."

"औषध घेतल्यार?"

"तरी आठवडोच."

आजी हसली नाही. तिने पदराने पोरीचं नाक पुसलं आणि पदर माझ्यापुढे धरला. "हिरवो झालो बघ. हिरवो झालो म्हणजे पिकलो."

ते मला दर दुसऱ्या माणसाकडून ऐकायला मिळे. मी सांगितलं, की हिरवा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींचा आहे, लढायला आलेल्या. सर्दी तीन-चार दिवसांची झाली की शेंबूड असाच घट्ट नि हिरवट होतो. त्यावरून जिवाणू आला असं होत नाही. मी तापाचं औषध दिलं, नाकात घालायला मिठाच्या पाण्याचे थेंब दिले, चमचाभर मध द्यायला सांगितला. आणि मग जे सगळ्यात महत्त्वाचं ते बोलले. श्वास भरभर व्हायला लागला, बरगड्यांखाली छाती आत ओढायला लागली, पाणी पिईनाशी झाली, किंवा ताप एकदा उतरून पुन्हा चढला, तर ताबडतोब आण. वाट बघू नको.

हे ऐकल्यावर आजीचा चेहरा बदलला. ती हळू आवाजात म्हणाली, "माजो एक झिल, हेच्या बापाचो भाव, असोच गेलो. खोकलोच होतो. तेवा खाडीक पूल नव्हतो. होडी येयसर गेलो."

ती पोरीला कडेवर घेऊन उठली. दारात थांबून म्हणाली, "तुजा सगळा खरा असात गो. पण हेका काय झाला तर?"

ते "काय झाला तर" दिवसभर माझ्या डोक्यात राहिलं.

माझी भीती दोन तोंडांची होती, हे इथे सांगायला हवं. शिकाऊ डॉक्टर असताना मी एका मोठ्या रुग्णालयात एक बाई पाहिली होती. तरुण, दोन लेकरांची आई. लघवीच्या साध्या संसर्गातून विष रक्तात भिनलेलं. एक प्रतिजैविक दिलं, ताप हलला नाही. दुसरं दिलं, नाही. तिसरं. तिच्या अंगातल्या जिवाणूंना आमच्याकडची बहुतेक औषधं आधीच माहीत होती. आमचे मोठे डॉक्टर खाटेपाशी उभे राहून नुसते बघत होते. त्यांना असं रिकाम्या हातांनी उभं राहिलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. बाई वाचली नाही. तेव्हापासून विनाकारण प्रतिजैविक लिहायला माझा हात धजत नाही. आणि दुसरी भीती साधी, प्रत्येक डॉक्टरची: मी सर्दी म्हणून घरी पाठवलेलं पोर सर्दीचं नसेल तर?

दुसऱ्या दिवशी पोरीचा बाप आला. ट्रॉलरवर खलाशी. खांद्यात रुंद, बोलण्यात तोडका. रांग सोडून थेट आत आला, मागून आजी, आजीच्या हाताला पोर.

"मॅडम, माका उद्या दर्यात जावचा आसा. चार-पाच दिवस येवचंय नाय. औषध द्या. मेडिकलवाल्यान चिठ्ठी आणूक सांगल्यान."

हे मला अनपेक्षित होतं. बाजारातला तो औषधवाला आधी चिठ्ठीशिवाय देत असे. एकदा मी त्याच्या दुकानात जाऊन बराच वेळ बोलले होते. तो म्हणाला होता, मी नाही दिलं तर पुढच्या दुकानात मिळेल. तरी त्याने चिठ्ठी मागायला सुरुवात केली होती. म्हणजे माझ्या भरवशावर त्याने एक गिऱ्हाईक परत पाठवलं होतं, आणि ते गिऱ्हाईक आता माझ्यासमोर मुठी आवळून उभं होतं.

"आधी तिला बघू दे," मी म्हटलं.

मी पुन्हा सगळं केलं. श्वास, छाती, कान. ताप कालच्यापेक्षा कमी होता. पोर माझ्या स्टेथोस्कोपची नळी ओढत होती. मी बापाला तेच सांगितलं, थोडक्यात. तो ऐकत नव्हता.

"आमचो शेजारी मुंबैक आसा. तेचो डॉक्टर पयल्याच दिवशी देता. तुमी सरकारी, म्हणान देत नाय."

"सरकारी म्हणून नाही. कपाटात ते भरलेलं आहे. दाखवू?"

मी खरंच उठून कपाट उघडलं. गुलाबी औषधाच्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. तो त्यांच्याकडे बघत राहिला. त्याला ते आणखीच लागलं असावं. असून देत नाही.

"विषाणूवर औषधच नाय?"

"काही विषाणूंवर आहे. फ्लूवर आहे, कावीळ करणाऱ्या एका-दोघांवर आहे. पण ती औषधं वेगळी, आणि साध्या सर्दीवर तसलं काही नाही. हे गुलाबी तर कुठल्याच विषाणूवर चालत नाही. दिलं तर पोटातले चांगले जिवाणू मरतील, जुलाब होतील. आणि नाकाघशात जे जिवाणू गप बसलेले असतात, त्यातले दुबळे मरतील, चिवट राहतील. मग खरी गरज पडेल तेव्हा औषध चालणार नाही."

तो जाताना एवढंच बोलला, "माज्या चेडवाक काय झाला तर बघा."

धमकी होती की काळजी, कळलं नाही. बहुधा दोन्ही. सिस्टरने दार लोटलं आणि म्हणाली, "मॅडम, देऊन टाकायचं होतं. कोण विचारतंय?"

मी कपाट बंद केलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

त्यानंतर आमच्या केंद्राची आशा सेविका दोनदा त्या घरी जाऊन आली. पोर खेळतेय, खाते, खोकला आहे पण ताप नाही, असं तिने सांगितलं. मला हायसं वाटलं. इतकं, की त्या संध्याकाळी मी बऱ्याच दिवसांनी किनाऱ्यावर फिरायला गेले. रापणीचं जाळं ओढणाऱ्यांचा गलका चालला होता, मी बराच वेळ बघत बसले.

मग पुढच्या आठवड्यात, दुपारी, ओपीडी संपून मी डबा उघडत होते, तेव्हा फाटकात रिक्षा कचकन थांबली.

आजी पोरीला दोन्ही हातांवर घेऊन धावत आली. मला तिच्या चालीवरूनच कळलं. पोर रडत नव्हती, त्याचीच मला भीती वाटली. नाकपुड्या फुलत होत्या. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालची कातडी आत खेचली जात होती आणि श्वास सोडताना ती कण्हत होती, अगदी बारीक. ओठांचा रंग फिकट. अंगाला हात लावला तर चटका बसला.

"काल सांजेक ताप इलो," आजी म्हणाली. "तू सांगलंस तसा. उतारलो होतो, परत इलो. सकाळी पाणी पिया नाय. म्हणान घेवन इलंय."

मी स्टेथोस्कोप लावला. उजवीकडे, मागे, खाली, श्वासाबरोबर बारीक तडतड. मिठाचे खडे तव्यावर टाकल्यासारखी. डावीकडे स्वच्छ. बोटाला यंत्र लावलं, त्यावरचा आकडा बघून सिस्टरने न सांगता ऑक्सिजन सुरू केला.

न्यूमोनिया. आणि ह्या खेपेला, ताप असा उलटून आलेला, छातीचा एकच कोपरा धरलेला, म्हणजे जिवाणूचा असण्याची शक्यता खूप. आता प्रतिजैविक हवंच होतं, आणि तेही वाट न बघता. मोठ्या रुग्णालयात पाठवायच्या आधी पहिला डोस इथेच द्यायचा असतो. मी औषध भरायला घेतलं. आजीने सुईकडे पाहिलं, मग कपाटाकडे.

"ह्या ताच मां? त्याच जातीचा?"

"हो."

"मगे तेवा दिलंस नाय कित्याक?"

ती ओरडली नव्हती, हळूच विचारलं होतं. पण रिक्षावाला आणि त्याच्याबरोबर आलेली माणसं दारातच उभी होती, त्यांनी ऐकलं. एकाने मोठ्याने दुसऱ्याला सांगितलं. बघता बघता व्हरांड्यात गर्दी झाली. "त्याच डॉक्टरणीन औषध दिल्यान नाय." "कपाटात आसान दिल्यान नाय." कोणीतरी खिडकीची काच हाताने वाजवली. मागे दुसऱ्या एका केंद्रात डॉक्टरला मारहाण झाल्याचं आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. पण खरं सांगते, त्या क्षणी मला माणसांची जितकी भीती वाटली त्याहून जास्त त्या कण्हण्याची वाटत होती. मी मांडीत सुई टोचली. पोरीने हुंदकासुद्धा दिला नाही.

एकशे आठची गाडी दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेली होती. केंद्राची स्वतःची गाडी होती. मी ड्रायव्हरला म्हटलं, "चला, मीही येते." सिस्टरने दारातल्या माणसांना बाजूला केलं. कोणी हात उचलला नाही. फक्त बघत राहिले. ते बघणं पाठीला लागत होतं.

ओरोसच्या जिल्हा रुग्णालयापर्यंतचा रस्ता वळणांचा. मी पोरीच्या नाकावरचा मास्क धरून बसले होते, समोर आजी. तिने पोरीच्या अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "माका सांग. आता घाबरान सांगू नको, घाबरलंस की तू पुस्तकातला बोलतंस."

खरं होतं. भीती वाटली की माझी मालवणी पळून जाते. मी सावकाश सांगितलं. तेव्हा सर्दी विषाणूचीच होती. मी ती आजही सर्दीच म्हणेन. पण विषाणू श्वासनळीचं आतलं अस्तर खरवडून ठेवतो. तिथे बारीक केसांसारखं काहीतरी असतं, ते घाण वर लोटत राहतं. सर्दीत त्याचं काम बंद पडतं. मग नाकात, घशात नेहमी गप बसलेले जिवाणू एखाद्या वेळी खाली उतरतात. बहुतेक मुलांत उतरत नाहीत. हिच्यात उतरले.

"तेवाच औषध दिला असता तर उतारले नसते?"

हा प्रश्न मी स्वतःला रिक्षा थांबल्यापासून विचारत होते.

"सर्दीत आधीच औषध देऊन न्यूमोनिया टळता असा होत नाय, आजी. दिला असता तर विषाणूक काय झाला नसता, अस्तर तसाच खरवडला असता. आणि जे जिवाणू उतारले असते, ते त्या औषधाक पुरून उरलेले उतारले असते."

मी मास्क थोडा घट्ट धरला. मग तिनेच विचारलं, "हेका आदी कितीदा पाजलंय मी ता. त्येच्यान तसले उरले असतीत?"

मला खोटं बोलवेना आणि खरंही पूर्ण बोलवेना. "असू शकतीत," मी म्हटलं. "म्हणान आता बघूचा, औषध लागू पडता काय."

तिने पदर तोंडावर घेतला. मी ते बोलायला नको होतं का, असं मला वाटलं. पण ती लगेच पदर खाली घेऊन पोरीच्या पायांवर हात ठेवून बसली आणि ओरोस येईपर्यंत हात उचलला नाही.

जिल्ह्याच्या रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञांनी पोरीला लगेच आत घेतलं. एक्स-रेमध्ये उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग पांढराशुभ्र दिसत होता. त्यांनी रक्ताचा नमुना घेतला, शिरेतून औषध सुरू केलं आणि मला म्हणाले, "तुम्ही पहिला डोस दिलात ते बरं केलंत. आता थांबायचं." बाप दुसऱ्या फेरीला समुद्रात होता. बोटीवरच्या वायरलेसवर निरोप गेला होता.

मी परत येऊन दुसऱ्या दिवशी ओपीडी केली. बाक अर्धा रिकामा होता. ज्या बायका रोज येत त्या आल्या नाहीत. जे आले ते माझ्याकडे बघून सिस्टरशी बोलत होते. एक तरुण बाई तान्ह्या मुलाला घेऊन आली. साधी सर्दी, नाक चोंदलेलं, बाळ दूध पीत होतं, छाती साफ. ती म्हणाली, "माका ता औषध व्हयाच." कपाट माझ्या पाठीमागे होतं. मी उठले. खरंच उठले, किल्ली हातात घेतली. एक बाटली देऊन टाकली असती तर कोणी काही म्हटलं नसतं, उलट गावात बरं बोलले असते. बाळाचा श्वास पुन्हा मोजायला लागले, ते फक्त वेळ काढायला. श्वास शांत होता. मी किल्ली खिशात टाकली आणि तिला सांगितलं, रोज सकाळी घेऊन ये, मी रोज बघते. ती कुरकुरत गेली, पण दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशीही आली. बाळ बरं झालं.

त्याच तिसऱ्या दिवशी दुपारी ओरोसहून फोन आला. बालरोगतज्ज्ञ म्हणाले, "ताप हलत नाहीये. श्वास तसाच आहे. मी औषध बदलतोय."

मी फोन ठेवला. तोच मोठ्या रुग्णालयातला वॉर्ड डोळ्यांपुढे आला. खाटेपाशी उभे असलेले ते मोठे डॉक्टर. पहिलं चाललं नाही. दुसरं. मी डॉक्टर असून त्या दिवशी देवापुढे नारळ ठेवला, आणि कोणाला सांगितलं नाही.

बाप समुद्रावरून परस्पर ओरोसला गेला. मी दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून तिकडे पोचले, तेव्हा तो वॉर्डाच्या बाहेर उकिडवा बसला होता. अंगाला मासळीचा वास, अजून तेच कपडे. मला पाहून तो उठला. मी जागच्या जागी थांबले. मला वाटलं, आता मारणार.

त्याने दाराकडे बोट केलं.

आत पोर आजीच्या मांडीवर टेकून बसली होती. नाकात नळी होती, पण कण्हणं थांबलं होतं. आजी तिला चमचा चमचा पेज भरवत होती. बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं, की दुसरं औषध लागू पडलं. रक्ताच्या नमुन्यातल्या जिवाणूवर पहिलं औषध नीट चालत नव्हतं. नेहमीच्या गुलाबी औषधाच्याच घराण्यातलं ते. "आपल्याकडे हे वाढतंय," ते म्हणाले, आणि पुढच्या खाटेकडे गेले.

मी बाहेर येऊन जिन्यावर बसले.

पोर घरी आली ती वाळून काडी झालेली. आजी मला एकदा घरी घेऊन गेली, सोलकढी पाजली. गावात बोलणं मात्र सरळ झालं नाही. काही जण म्हणायचे डॉक्टरणीने पोरगी वाचवली, काही म्हणायचे डॉक्टरणीमुळेच ती आजारी पडली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी माझ्या कानावर यायच्या. बाप तर माझ्याशी बोलायचाच नाही. रस्त्यात भेटला तर मान दुसरीकडे.

मग उन्हाळ्यात तो स्वतःच केंद्रात आला. उजवा हात पंच्याने गुंडाळलेला. जाळ्यातून मासे काढताना शिंगाळा माशाचा काटा तळव्यात खोल घुसला होता. बऱ्याच दिवसांची गोष्ट. पंचा सोडला तर हात मनगटापर्यंत सुजलेला, लाल, गरम, आणि मनगटाच्या आतून एक लाल रेघ कोपराकडे चढत होती.

"हे कधीपासून आहे? आधी का नाही आलात?"

तो खाली बघत म्हणाला, "घराकडे गोळ्ये होते. आवशीन घेवक दिल्यान नाय. म्हणाली, डॉक्टरणीक इचारल्याशिवाय नको. आणि माका वाटला, तुमी नकोच म्हणतलास. बरो होतलो आपोआप."

आजीने गोळ्या अडवल्या होत्या, त्याही माझ्याच शब्दावर. ती लाल रेघ म्हणजे संसर्ग हातातून वर चढायला लागल्याची खूण. आणखी थोडा उशीर झाला असता तर हात नव्हे, माणूस गेला असता.

"हे आपोआप बरं होणारं नाही," मी म्हटलं. "ह्या जिवाणूचा आसा. ह्येका औषध व्हयाच. आत्ता, लगेच. आणि मी सांगीन तितके दिवस, हात बरो दिसलो तरी सोडूचा नाय."

"ह्येका लागता?"

"ह्येका लागता."

"आणि सर्दीक नाय."

"सर्दीक नाय."

मी त्याची जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, शिरेतून औषध सुरू केलं. काट्याचा एक तुकडा आत अडकलेला होता. तो काढताना त्याने ओठ चावून धरला, पण हात हलू दिला नाही. त्याला मी दोन दिवस केंद्रातच ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी ती रेघ मनगटाकडे उतरली होती. आजी डबा घेऊन आली, तिच्याबरोबर पोरही. बापाच्या खाटेवर चढून तिने त्याचा पट्टी बांधलेला हात आपल्या मांडीवर घेतला.

"बाबा, दुखता?"

"दुखता गो," तो म्हणाला. आणि मग माझ्याकडे न बघताच, "पण बरो होतलो."